ओठ फुटतात आणि औषध सुटते

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा हृदयरोग, मधुमेह अशा भारदस्त विषयांच्या शेजारी ओठांच्या भेगांवर लिहावे की नाही, असा संकोच क्षणभर वाटला. पण गेली अनेक वर्षे इंदूरमध्ये त्वचारोगांचा व्यवसाय करताना एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. आयसोट्रेटिनॉइनचा उपचार यकृताच्या बिघाडामुळे किंवा रक्तातील चरबी वाढल्यामुळे थांबवावा लागलेले माझे रुग्ण बोटांवर मोजता येतील. ओठ फुटले, डोळे चुरचुरले, चेहरा सोलवटला म्हणून घरच्या घरी औषध सोडून दिलेले मात्र कितीतरी आहेत. आणि यातील बराचसा दोष आपल्या चिठ्ठीचा असतो, रुग्णाचा नव्हे. हे माझे मत आहे, आणि ते एका रुग्णाच्या निमित्ताने, म्हणजे माझ्याच एका चुकीच्या निमित्ताने, बनलेले आहे.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यता मिळाली आणि गाठी धरणाऱ्या, व्रण ठेवून जाणाऱ्या मुरुमांवर आजही त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. त्वचेतील तैलग्रंथी ते आकसवते. तेल आटले की मुरुमांचे मूळच जाते. गर्भावर याचा अतिशय गंभीर परिणाम होतो, म्हणून स्त्रीरुग्णाने औषध सुरू होण्याच्या एक महिना आधीपासून ते थांबल्यानंतर एक महिन्यापर्यंत गर्भ राहू न देणे ही अट आहे, आणि तीत तडजोड नाही. मुलगी अविवाहित आहे, आई शेजारी बसली आहे, म्हणून हा विषय टाळणारे डॉक्टर मला ठाऊक आहेत. आईला दोन मिनिटे बाहेर बसवावे, पण बोलावे. सुरुवातीच्या रक्ततपासण्या, गर्भचाचणी, मनःस्थितीची विचारपूस हे सर्व आपण जाणताच. मी आज केवळ कोरडेपणाविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत वीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष, वजन ५२ किलो, गालांवर आणि हनुवटीच्या कडेने दुखऱ्या गाठी, काही ठिकाणी खड्डे पडू लागलेले. मी रोज २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल लिहून दिली. आपल्याकडे पुष्कळ जण अशाच मध्यम मात्रेने चालतात, कारण मात्रा वाढली की कोरडेपणाही त्याच प्रमाणात वाढतो. एकूण उपचाराचा परंपरागत हिशेब किलोमागे १२० मिलिग्रॅमचा. ५२ किलोला तो ६२४० मिलिग्रॅम होतो, म्हणजे रोज २० प्रमाणे ३१२ दिवस. हा आकडा मी तिला सांगितला नव्हता. दहा महिने चालणाऱ्या औषधात ओठांचे काय करायचे, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, तेही सांगितले नव्हते. चिठ्ठीवर कॅप्सूलचे नाव आणि ‘रोज एक’ एवढेच होते.

महिन्याने ती आली तेव्हा मुरुमे जशीच्या तशी आणि ओठ जवळजवळ मऊ. आई खुश होती की औषधाचा काहीच त्रास नाही. मला मात्र शंका आली. या औषधाने ओठ कोरडे पडणे हा क्वचित होणारा दुष्परिणाम नव्हे, ते जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत घडते, इतके की जाणकार त्वचारोगतज्ज्ञ ओठांकडे पाहून रुग्ण औषध घेतो आहे की नाही हे ओळखतात. ओठ कोरडे नाहीत याचा अर्थ औषध घेतले जात नाही, किंवा पोटात जाऊनही रक्तात पोहोचत नाही. विचारता कळले की ती सकाळी सहाच्या क्लासला जाण्यापूर्वी चहाबरोबर, रिकाम्या पोटी कॅप्सूल घेत होती. हे औषध चरबीत विरघळणारे आहे. नेहमीची कॅप्सूल भरपेट, स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर रिकाम्या पोटाच्या सुमारे दुप्पट शोषली जाते. मी तिला रात्रीच्या जेवणानंतर लगेच कॅप्सूल घ्यायला सांगितले. उपासाच्या दिवशी काय करायचे, हे आईने विचारले. साबुदाण्याच्या खिचडीतले तूप आणि दाण्याचे कूट औषधाला पुरेसे आहे, असे मी म्हणालो, आणि आम्ही तिघेही हसलो.

मात्रा तीच राहिली, पण शरीराला मिळणारे औषध जवळपास दुप्पट झाले. तेव्हा ओठांचे मलम लिहून द्यावे, हे त्या हसण्यात राहूनच गेले.

दहा-बारा दिवसांत ओठ सोलवटू लागले. मुलीने जे केले ते कोणीही करील. ती ओठांवरून जीभ फिरवू लागली. लाळेने क्षणभर बरे वाटते, पण ती वाळताना ओठांतले पाणीही उडून जाते आणि लाळेतील पाचक द्रव्ये उघड्या पडलेल्या त्वचेला झोंबतात. पापुद्रे ती दातांनी काढू लागली. मैत्रिणीने मेंथॉलचे, थंडगार वाटणारे लिप बाम दिले. मेंथॉल, कापूर, दालचिनी, सुवासिक फळांचे अर्क हे सगळे अशा ओठांना चिडवणारे पदार्थ आहेत. थंड वाटते म्हणून माणूस पुन्हा पुन्हा लावतो, आणि पुन्हा पुन्हा लावतो म्हणून ओठ बरे होत नाहीत. आजीने बेंबीत तेल घालायला सांगितले. बेंबीतून ओठापर्यंत तेल पोहोचण्याचा कोणताही मार्ग मला शरीररचनाशास्त्रात सापडलेला नाही, पण त्या उपायाने निदान अपाय तरी झाला नाही.

मग रंगपंचमी आली. इंदूरची गेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना ते करून उपयोग नाही. राजवाड्याच्या आसपास सकाळपासून माणसांचा पूर, टँकरमधून पाणी, आकाशात गुलाल. ही मुलगी मैत्रिणींबरोबर तीन-चार तास भर उन्हात होती, डोक्यावर टोपी नाही, चेहऱ्यावर काही लावलेले नाही, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स. घरी आल्यावर बेसन, हळद आणि लिंबू चोळून रंग काढला. रंग निघाला, आणि त्याबरोबर आधीच पातळ झालेला त्वचेचा वरचा थरही निघाला.

दुसऱ्या दिवशी गाल आणि नाक लालबुंद, खालच्या ओठाला मधोमध रक्ताळलेली चीर, डोळे इतके चुरचुरणारे की लेन्स काढताना ती रडली. घरात निर्णय झाला की औषध ‘उष्ण पडले’, आणि कॅप्सूलचे पाकीट कपाटात गेले. एप्रिलच्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली तेव्हा ओठांच्या एका कोपऱ्यावर मधाच्या रंगाची खपली होती, गालावर सूर्याने केलेला काळसर डाग होता आणि हनुवटीवर दोन नव्या गाठी होत्या. “डॉक्टरकाका, मुरुमं परवडली, पण हे नको,” असे ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही, कारण तिचे बरोबर होते.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की, या औषधाची चिठ्ठी कॅप्सूलने सुरू होऊ नये. आधी ओठांचे मलम, डोळ्यांचे थेंब, अंगाला लावायचे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लिहावे, आणि पाचव्या ओळीत कॅप्सूल. त्रास झाला तर पुढच्या वेळी देऊ, हा विचार इथे चुकीचा आहे. कारण कोरडेपणा हा औषधाचा अपघात नसून त्याच्या कार्याचाच भाग आहे. ज्या क्रियेने मुरुमे जातात, तिच्याच दुसऱ्या बाजूने त्वचा कोरडी होते. तेल आटते, आणि शिवाय त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर पातळ होऊन त्याची पकड सैल पडते, त्यामुळे शरीरातील पाणी एरवीपेक्षा लवकर उडून जाते. ओठांना मुळातच स्वतःच्या तेलाचा फारसा आधार नसतो आणि तेथील वरचा थर अतिशय पातळ असतो, म्हणून पहिली तक्रार तेथून येते.

ओठांना पाणी देण्याची गरज नसते, त्यांच्यातले पाणी अडवण्याची असते. त्यासाठी साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीला मी अजून पर्याय मानलेला नाही. सुवास नाही, रंग नाही, भाव नगण्य. अट एकच, की ती ओठ फुटण्याआधी, औषधाच्या पहिल्या दिवसापासून, दिवसातून आठ-दहा वेळा लावावी. जेवणापूर्वी लावली तर तिखट-मीठ झोंबत नाही. जेवणानंतर ओठ पाण्याने टिपून पुन्हा लावावी, आणि रात्री झोपताना जाड थर द्यावा. साजूक तूप चालेल का, असे हमखास विचारतात. अडीअडचणीला चालेल, पण ते शरीराच्या उष्णतेने लगेच पातळ होऊन ओघळते, जेलीसारखे टिकत नाही. पापुद्रे ओढू नयेत. कोमट पाण्याने मऊ करून वर जेली लावली की ते आपोआप सुटतात.

एवढे करूनही ओठ लाल, सुजल्यासारखे राहिले तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम दोन वेळा, चार-पाच दिवस, त्याहून अधिक नाही. मधाच्या रंगाची खपली दिसली तर तो केवळ कोरडेपणा नव्हे. या औषधाच्या काळात नाकपुड्यांत आणि फुटलेल्या ओठांवर स्टॅफिलोकॉकस जंतू सहज वस्ती करतात, आणि तेथे म्युपिरोसिनचे मलम लागते. ओठांचे दोन्ही कोपरे लाल, ओलसर, पांढुरके होऊन चिरले असतील तर बुरशीचाही विचार करावा. नाकातून अधूनमधून रक्त येण्याची तक्रारही याच घरातली. नाकपुडीच्या तोंडाशी रात्री जेलीचे बोट फिरवले की बहुतेकांची ती थांबते.

डोळ्यांकडे आपले दुर्लक्ष अधिक होते, कारण रुग्ण ते मुरुमांच्या डॉक्टरांना सांगतच नाही. पापण्यांच्या कडेला मायबोमियन नावाच्या ग्रंथी असतात. त्या त्वचेच्या तैलग्रंथींच्याच जातीच्या. अश्रूंवर तेलाचा तलम पापुद्रा पसरून अश्रू वाळू न देणे हे त्यांचे काम. औषध चेहऱ्याच्या तैलग्रंथी आणि पापणीच्या ग्रंथी यांत भेद करीत नाही. त्यामुळे अश्रू तयार होत असूनही टिकत नाहीत, आणि काही रुग्ण तर डोळ्यांतून पाणी येते अशी तक्रार करतात. कोरड्या डोळ्यातून पाणी कसे येईल, म्हणून ते अॅलर्जीचे थेंब घेतात. वस्तुतः अश्रूंचा पापुद्रा लवकर तुटल्याने डोळा चिडतो आणि त्या चिडण्याने पाणी वाहते.

यासाठी कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्क्याचे कृत्रिम अश्रू दिवसातून चार वेळा पुरतात. त्याहून जास्त वेळा घालावे लागत असतील तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब घ्यावेत, कारण नेहमीच्या बाटलीतील परिरक्षकच वारंवार गेल्यास डोळ्याला त्रास देते. लालपणा झटकन घालवणारे थेंब घेऊ नयेत. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात, कोरडेपणा तसाच ठेवतात, आणि सोडले की डोळे पुन्हा अधिक लाल होतात. गुलाबपाणी डोळ्यांत घालण्याची आपल्याकडे जुनी आवड आहे. ती या काळापुरती तरी आवरावी. सकाळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ रुमालाने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटे शेकल्या की ग्रंथींतले घट्ट झालेले तेल थोडे सुटते. पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरल्याने या ग्रंथींची तोंडे बुजतात. कॉन्टॅक्ट लेन्स बहुतेकांना सोसत नाहीत. कोर्स संपेपर्यंत चष्मा वापरा, हे आधीच सांगितले तर मुली दुकानात जाऊन बरी फ्रेम निवडतात. मध्येच सांगितले तर त्यांना ती शिक्षा वाटते.

रात्री गाडी चालवणाऱ्या रुग्णांना एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो. समोरून येणाऱ्या दिव्यांनंतर अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो का? काहींमध्ये हे औषध अंधारातील दृष्टी मंदावते. उत्तर होय असेल तर रात्रीचे वाहन चालवणे बंद, औषध थांबवणे आणि नेत्रतज्ज्ञांकडे रवानगी. तसेच डोळ्यात ठणका, उजेड सहन न होणे, दिसणे कमी होणे यांना थेंब देऊन वेळ काढू नये. धूसर दिसण्याबरोबर सतत डोकेदुखी आणि उलट्या असतील तर मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढल्याची शंका घ्यावी आणि औषध त्याच दिवशी बंद करावे. टेट्रासायक्लिन गटातील गोळ्या या औषधाबरोबर कधीही देऊ नयेत, त्याचे कारण हेच. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन एका डॉक्टरांचे आणि आयसोट्रेटिनॉइन दुसऱ्यांचे, अशा दोन चिठ्ठ्या एकाच पिशवीत मी पाहिल्या आहेत.

त्वचेविषयी बोलायचे तर पहिले काम बंद करण्याचे आहे. मुरुमांचा रुग्ण आपल्याकडे येतो तो वर्षभराच्या सवयी घेऊन. दिवसातून पाच वेळा चेहरा धुणे, मुलतानी माती, स्क्रब, बेंझॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक अॅसिडचे फेसवॉश. तेलकट चेहऱ्याला हे चालून जात होते. तेल आटल्यावर तेच उपाय जखमा करतात. म्हणून कॅप्सूल सुरू करताना मी घरातील बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगतो आणि त्यांतल्या बहुतेक बाजूला काढतो. राहतो एक सौम्य, फेस न करणारा क्लेन्झर, दिवसातून दोनदा, आणि ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले बिनवासाचे क्रीम. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, आणि अंग टिपल्यावर ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत क्रीम लावायचे. वाळल्यावर लावले तर कोंडून ठेवण्यासारखे पाणी उरलेलेच नसते. हातापायांना खोबरेल तेल लावायला माझी हरकत नाही. चेहऱ्याला मात्र नको, मुरुमांच्या त्वचेची छिद्रे त्याने बुजतात.

हातांच्या पाठीवर, मनगटांवर लालसर, खवले असलेले, खाजरे चट्टे उठले तर ते गजकर्ण समजून बुरशीचे मलम चोळले जाते. बहुतेकदा तो या औषधाचाच कोरडा इसब असतो. भरपूर क्रीम आणि आठवडाभर सौम्य स्टेरॉइडचे मलम यांनी तो जातो. मात्र चट्ट्याची कड उठावदार आणि मध्य मोकळा असेल तर खरडून तपासणी करावी, कारण गजकर्णही आपल्या गावात कमी नाही.

लग्नसराईत आणखी एक प्रश्न येतो, वॅक्सिंगचा. मेणाबरोबर केसच निघत नाहीत, त्वचेचा सैल झालेला वरचा थरही पट्टीला चिकटून येतो आणि तेथे काळा डाग राहतो. चालू उपचारात वॅक्सिंग नको, आणि संपल्यावरही सहा महिने नको, असे मी सांगतो. भुवयांचे थ्रेडिंगही जपून. त्वचेवरील इतर प्रक्रियांबाबत जुना सहा महिन्यांचा सरसकट निषेध मात्र आता तितका कडक राहिलेला नाही. २०१७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासून, वरवरचे पील आणि लेसरने केस काढणे यांसाठी थांबण्याचे सबळ कारण नाही, असा निष्कर्ष काढला. त्वचा खोलवर घासणाऱ्या किंवा पूर्ण जाळून काढणाऱ्या प्रक्रियांना मात्र त्यांनीही मोकळीक दिली नाही.

आता उन्हाविषयी. या औषधाने प्रत्येकाची त्वचा उन्हात जळते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण संरक्षक थर पातळ झालेला असतो, काहींना लवकर दाह होतो, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेत दाहापेक्षाही त्यामागून येणारा काळेपणा जास्त रेंगाळतो. मुरूम बसते आणि डाग सहा महिने राहतो. आपल्या गावाची जागाही लक्षात घ्यावी. कर्कवृत्त उज्जैनजवळून जाते, म्हणजे मे-जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य इंदूरच्या अगदी माथ्यावर असतो, आणि त्याच वेळी हवेत ओलावा नसतो. वरून ऊन पाणी काढते, आणि घरात आल्यावर पंख्याचा झोत थेट तोंडावर. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या रुग्णाला जी मात्रा सहज सोसते ती माळव्याच्या उन्हाळ्यात सोसेलच असे नाही. म्हणून मे महिन्यात मात्रा थोडी कमी करून कोर्स लांबवणे मला औषध सुटण्यापेक्षा शतपटीने बरे वाटते. घाई नसेल तर मी उपचार जुलैत सुरू करतो. पहिले दोन-तीन महिने दमट हवेत जातात आणि रुग्णाला ओठ-डोळे सांभाळण्याची सवय लागते. पण खड्डे पडत असतील तर पावसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सनस्क्रीनची तक्रार जवळजवळ ठरलेली असते, ‘लावले की झोंबते’. याचे कारण बहुधा असे की मुरुमांच्या रुग्णाने तेलकट त्वचेसाठीचे जेल घेतलेले असते, आणि त्यात पुष्कळदा अल्कोहोल असते. कोरड्या त्वचेला तेच जेल आग लावते. औषध सुरू झाल्यावर क्रीम स्वरूपातील, झिंक ऑक्साइड असलेले, ३० किंवा अधिक एसपीएफचे आणि अ प्रकारच्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन घ्यावे. डागांची प्रवृत्ती असेल तर त्वचेच्या रंगाचे, आयर्न ऑक्साइड असलेले अधिक चांगले, कारण काळेपणा दृश्य प्रकाशानेही वाढतो. प्रमाण सांगितल्याशिवाय लोक वाटाण्याएवढे लावतात. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा, एवढे चेहरा आणि मानेला लागते. आधी मॉइश्चरायझर, पाच-दहा मिनिटांनी सनस्क्रीन, मग पंधरा मिनिटांनी घराबाहेर, आणि बाहेरच राहायचे असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

दुचाकीवरच्या आपल्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, ही सवय उत्तम आहे. पण स्कार्फ उजेडाकडे धरून पाहावा. त्यातून खिडकीचे गज स्पष्ट दिसत असतील तर ऊनही आत येते. घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा घ्यावा, आणि त्याखाली सनस्क्रीन हवेच. खालचा ओठ उन्हाकडे तोंड करून असतो, म्हणून बाहेर जाताना त्यावर सनस्क्रीन असलेले बिनवासाचे लिप बाम आणि घरी आल्यावर पुन्हा जेली. घरातून निघताना स्वतःच्या सावलीकडे पाहावे. ती आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन तीव्र आहे, एवढी खूण पुरते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी आईसमोर कबूल केले की औषध उष्ण पडले नव्हते, माझी चिठ्ठी अपुरी पडली होती. घरी बंद केलेले औषध मी आणखी आठ दिवस बंदच ठेवले. खपलीवर म्युपिरोसिन दोन वेळा, सात दिवस. ओठांच्या लालीवर चार दिवस हायड्रोकॉर्टिसोन. सगळ्यावर पेट्रोलियम जेली. डोळ्यांत चार वेळा थेंब, आणि लेन्सऐवजी चष्मा. कपाटातल्या बाटल्यांपैकी सात बाजूला काढल्या. आठव्या दिवशी ओठ मिटले होते. मग १० मिलिग्रॅमने, रात्रीच्या जेवणानंतर, पंधरा दिवस. नंतर पुन्हा २०. मे महिन्याचे तीन आठवडे २० ऐवजी १०. या वेळी ३१२ दिवसांचा हिशेब मी कागदावर मांडून दिला. पहिल्या महिन्यात अर्धे औषध वाया गेले होते, त्यामुळे शेवट थोडा लांबला आणि पुढच्या वर्षी जानेवारीअखेर कोर्स संपला. ओठ मधूनमधून सोलवटत, पण चीर पुन्हा पडली नाही. गालावरचा काळा डाग जायला मात्र दिवाळी उजाडली. मुरुमांपेक्षा तोच अधिक हट्टी ठरला.

मार्चमध्ये रंगपंचमीच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. कॅप्सूल बंद होऊन महिना उलटून गेला होता, तरी तिने विचारले, “काका, गेरला जाऊ का?” जा, पण सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत परत ये, असे मी सांगितले. हातांना खोबरेल तेल, चेहऱ्याला मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, ओठांवर आणि कानामागे जेलीचा थर म्हणजे रंग मुरणार नाही. डोळ्यांवर जुना चष्मा. घरी आल्यावर बेसन नाही, लिंबू नाही, साधे पाणी आणि क्लेन्झर, राहिलेला रंग चार दिवस राहू दे. ती अकराला नव्हे, साडेबाराला परतली. कानाजवळ हिरवा रंग आठवडाभर होता, पण ओठ शाबूत होते.